भुंग्यांचा श्लोक : विभक्ती जपून मराठी करण्याच्या नोंदी

४ जून, चाळीसगाव

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या सहलीला येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांसाठी एक घडीपत्रक करायचं ठरलं आहे. एका पानावर पाटण्याच्या शिलालेखाची माहिती आणि दुसऱ्या पानावर भास्कराचार्यांचं एखादं उदाहरण, मूळ संस्कृत आणि खाली मराठी. शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, ते त्यात कोरलं आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात, शेवटी दानाचा तपशील मात्र त्या काळच्या मराठीत. ज्याच्याकडून वसुली करायची त्याला समजायला हवं, म्हणून तिथे भाषा बदलली असावी असं मला वाटतं. ज्या गावात गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी दान मिळालं, त्या गावाच्या पत्रकावर गणिताचंच उदाहरण हवं.

‘लीलावती’ (इ.स. ११५०) मधला भुंग्यांचा श्लोक निवडला:

पञ्चांशोऽलिकुलात् कदम्बमगमत् त्र्यंशः शिलीन्ध्रं तयो-
र्विश्लेषस्त्रिगुणो मृगाक्षि कुटजं दोलायमानोऽपरः ।
कान्ते केतकमालतीपरिमलप्राप्तैककालप्रिया-
दूताहूत इतस्ततो भ्रमति खे भृङ्गोऽलिसङ्ख्यां वद ॥

हा निवडायचं खरं कारण असं की इथे भाषांतर तपासता येतं. कवितेचं भाषांतर बरोबर की चूक यावर वाद घालता येतो. या श्लोकात मात्र थव्याचे भाग फुलझाडांना जातात, उरलेला भुंगा फिरत राहतो आणि भुंगे किती ते विचारलं आहे, म्हणून त्याखाली एक संख्या आहे, १५. मराठी वाचून मुलाने गणित सोडवलं आणि १५ आले नाहीत, तर कुठली तरी विभक्ती किंवा कुठलं तरी वचन वाटेत सांडलं असं समजायचं.

५ जून

नानांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आता डोळ्यांना त्रास आहे, म्हणून श्लोक मी वाचायचा आणि त्यांनी ऐकायचा असं ठरलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम घालून दिला: “माय, मराठीतला प्रत्येक शब्द उठून उभा राहिला पाहिजे आणि सांगता आला पाहिजे की मी मुळातल्या अमक्या पदाचा, नाहीतर अमक्या प्रत्ययाचा. ज्याला सांगता येत नाही तो बाहेर.”

मी विचारलं, मराठीची स्वतःची गरज म्हणून एखादा शब्द घालावाच लागला तर? त्यावर ते म्हणाले की घाला, पण त्याने नवी माहिती आणता कामा नये. संबंध जोडणारा शब्द चालेल, बातमी देणारा नाही. हा फरक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढचं सगळं काम त्यावर चालेल.

वहीत चार रकाने आखले: पद, विभक्ती आणि वचन, वाक्यातलं काम, आणि मराठीत ते काम कोण करतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. संस्कृतातली विभक्ती मराठीत विभक्तीनेच यायला हवी असं नाही. शब्दयोगी अव्यय, ‘-लेला’चं रूप, कधी नुसता शब्दक्रमही ते काम करतो. काम मात्र कोणी तरी केलंच पाहिजे.

९ जून

पहिलं पद ‘अलिकुलात्’. पंचमी, एकवचन. थवा हा सुटण्याचा बिंदू, त्यातून भाग वेगळे होतात. व्याकरणात याला अपादान म्हणतात.

मराठी पुस्तकांतून आणि वर्गांतून या श्लोकाची सुरुवात बहुतेक वेळा ‘एका थव्यातील पाचवा भाग’ अशी होते. ‘एका’ हा शब्द मुळात नाही. आणि ‘थव्यातील’ म्हटलं की पंचमी जाऊन सप्तमीचं विशेषण होतं. ते ‘पाचवा भाग’ या एकाच नामाला चिकटून बसतं आणि पुढच्या ‘तिसऱ्या भागा’वरचा त्याचा हक्क सुटतो. मूळ वाक्यात ‘अलिकुलात्’ एकदाच येतं, पण ते ‘अगमत्’ या क्रियेशी जोडलेलं आहे, आणि ती क्रिया पुढच्या दोन्ही भागांनाही लागते. म्हणून ‘थव्यातून’ हा शब्द वाक्याच्या अगदी तोंडाशी, क्रियापदाचा म्हणून ठेवायचा: ‘भुंग्यांच्या थव्यातून … गेला’.

यात गणिताचा मोठा धोका लपला आहे. तृतीयांश कशाचा? सगळ्या थव्याचा, की पंचमांश गेल्यावर उरलेल्याचा? ‘थव्यातील पाचवा भाग कदंबावर गेला, मग तिसरा भाग…’ असं भाषांतर केलं की ‘मग’ या एका शब्दाने मूल उरलेल्याकडे वळतं. मी ते गणित करून पाहिलं. थव्याचा पंचमांश गेला, चार पंचमांश राहिले. त्यांचा तृतीयांश म्हणजे थव्याचे चार पंधरांश. दोहोंतला फरक एक पंधरांश, त्याची तिप्पट तीन पंधरांश. सगळे मिळून दहा पंधरांश गेले, पाच पंधरांश उरले, आणि उरलेला भुंगा एकच. म्हणजे थवा तीन भुंग्यांचा, आणि त्याचा पंचमांश कदंबाला गेला म्हणजे भुंग्याचे तीन पंचमांश गेले. असा भुंगा असत नाही. उत्तरच सांगतं की वाचन चुकलं.

भास्कराचार्यांना जेव्हा ‘उरलेल्यातून’ म्हणायचं असतं तेव्हा ते तसं म्हणतात. या श्लोकाच्या शेजारीच तीर्थयात्रीचं उदाहरण आहे. तो निम्मं धन प्रयागला देतो, आणि पुढे ‘अवशेषात्’, ‘शेषात्’ अशा पंचम्या स्पष्ट येतात. त्या गणिताच्या जातीला नावच शेषजाती. आपल्या श्लोकाची जात वेगळी, विश्लेषजाती. तिथे पंचमी उरलेल्याची आहे, इथे पंचमी थव्याची. दोन्हीकडे विभक्ती तीच, फक्त ती कुठल्या शब्दाला लागली ते बघायचं.

१० जून

‘पञ्चांशः’ आणि ‘त्र्यंशः’. दोन्ही प्रथमा, एकवचन, गेलेले कर्ते.

‘पाचवा भाग’ सोडला. मराठीत ‘पाचवा’ क्रमही दाखवतो. पाचवा भाग म्हणजे पाच भागांतला शेवटचा, असा अर्थ नववीच्या मुलाच्या मनात येणं स्वाभाविक आहे, आणि ‘तिसरा शिलींध्राला’ असं लिहिलं तर तिसरा भुंगा गेला असंच वाचलं जाईल. ‘पंचमांश’ आणि ‘तृतीयांश’ ठेवले. पाठ्यपुस्तकातले शब्द आहेत, मुलांना रोजचे. ‘एक पंचमांश’ असंही म्हणायची गरज नाही, ‘पंचमांश … गेला’ या क्रियापदाचं एकवचन ते सांगतं.

१४ जून

आज ‘कदम्बम्’ वर अडलो होतो. द्वितीया. जाण्याचं पोचायचं ठिकाण, गती दाखवणाऱ्या क्रियेचं कर्म. सगळी भाषांतरं ‘कदंबावर गेला’ म्हणतात. ‘वर’ने अधिकरण येतं, भुंगे झाडावर टेकले असं चित्र येतं. मुळात टेकण्याबद्दल काही नाही. ते कदंबाला गेले, एवढंच.

‘कदंबाला गेला’ प्रमाण मराठीत कानाला जरा खटकतं, कारण आपण गावाला जातो, झाडाला जात नाही. ‘कदंबाकडे’ सुचवलं गेलं, पण ‘कडे’ दिशा दाखवतं, पोचणं नाही. आत्या स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला विचारलं, अहिराणीत कसं म्हणशील? ती लगेच म्हणाली, “कदंबले गया.” आणि पुढे, “झाडवर बठना म्हनशी तं मंग बठनाच म्हन ना.” अहिराणीत ‘बाजारले गया’ आणि ‘बाजारमा शे’ यांत घोळ होत नाही. पोचायचं ठिकाण ‘-ले’ घेतं आणि असण्याचं ‘-मा’ घेतं. आमच्याकडची मुलं घरी हेच बोलतात, म्हणून ‘कदंबाला गेला’ त्यांना परकं वाटणार नाही. नानांनी मान डोलावली. द्वितीया द्वितीयेनेच आली, तीच ‘शिलींध्राला’ आणि ‘कुड्याला’ मध्ये राहील.

या विभक्तीने उत्तर बदलत नाही, हेही खरं. ‘कदंबावर’ म्हटलं तरी १५ च येतील. गणिताची चाळणी सगळं गाळून देत नाही. ज्या ठिकाणी ती चालत नाही तिथे नानांचा नियम लागतो.

१५ जून

झाडांची नावं. कुटज म्हणजे आपला कुडा, सातपुड्यात आणि सह्याद्रीत दोन्हीकडे आहे. नाव बदलणं हे भाषांतरच, ते केलं. कदंब तसाच. केतक म्हणजे केवडा, पण ‘केतकी’ मराठी कवितेत शतकानुशतकं आहे, तेच ठेवलं. शिलीन्ध्राबद्दल कोशांत अळंबीही दिली आहे आणि पावसाळी फुलझाडही. यांतलं एक निवडणं म्हणजे मत देणं होईल. शिलींध्र तसाच राहील.

सोबतच्या शिक्षकांनी सुचवलं, ‘पावसाळ्याच्या दिवसांत’ असं सुरुवातीला घालू, कारण ही सगळी फुलं संस्कृत काव्यात पावसाळ्याची. माहिती खरी आहे. पण ती वाचणाऱ्याने फुलांवरून काढायची. श्लोकात ऋतू नाही.

२१ जून

‘तयोर्विश्लेषस्त्रिगुणः’. सगळ्यात जास्त वेळ या तीन पदांनी घेतला.

‘तयोः’ हे द्विवचन. मराठीत द्विवचन नाही, म्हणून ‘त्यांच्यातला फरक’ म्हटलं की ‘त्यां’ किती ते कळत नाही. कदाचित सगळ्या भुंग्यांतला, कदाचित झाडांतला. ‘दोहों’ हा शब्द घालावा लागला. तो आगंतुक नाही, ‘ओस्’ या प्रत्ययाच्या जागी उभा आहे. नानांच्या नियमात बसतो. काही भाषांतरांत ‘त्या दोन संख्यांमधील’ असं असतं. त्यात ‘संख्या’ नवी आहे. अंश हेच कर्ते असताना त्यांना संख्या म्हणणं म्हणजे उकल सांगायला सुरुवात करणं.

‘तयोः’ हे रूप षष्ठीचंही आहे आणि सप्तमीचंही, दोन्हींत सारखंच. ‘दोहोंचा फरक’ की ‘दोहोंतला फरक’? विश्लेष त्या दोघांचा आहे, म्हणून संस्कृतात षष्ठीच घ्यायची. पण मराठीत फरक ‘दोहोंत’ असतो. ‘दोहोंचा फरक’ म्हटलं तर दोघे मिळून तिसऱ्या कशापासून तरी वेगळे आहेत असं वाटू लागतं. म्हणून ‘दोहोंतला’. प्रत्यय बदलला, संबंध राहिला.

आता ‘त्रिगुणः’. पुंल्लिंगी, प्रथमा, एकवचन, ‘विश्लेषः’चं विशेषण. सरळ ‘तिप्पट फरक’ लिहावं असं वाटतं. पण मराठीत ‘दोघांच्या उंचीत तिप्पट फरक आहे’ म्हणजे एक दुसऱ्याच्या तिप्पट. ते गुणोत्तर झालं. भाषेच्या दृष्टीने विशेषण जागच्या जागी आहे आणि अर्थ मात्र निसटला. ‘फरकाची तिप्पट’ म्हटलं तर गणित बरोबर येतं, पण ‘फरक’ प्रथमेतून षष्ठीत गेला आणि ‘तिप्पट’ हेच नाम होऊन कर्ता बनलं. मुळात कुड्याला जाणारा फरकच आहे.

नानांनी बऱ्याच वेळाने सांगितलं: ‘फरक तिप्पट होऊन कुड्याला’. ‘होऊन’मुळे फरक कर्ता राहतो, तिप्पट त्याचं विधान राहतं आणि आधी तिप्पट, मग जाणं असा क्रमही नीट लागतो. ‘होऊन’ मुळात नाही, पण त्याने कुठलीही बातमी आणली नाही. संबंध जोडण्यापुरताच आहे.

पुढे क्रियापद परत घ्यायचं नाही असंही ठरलं. संस्कृतात ‘अगमत्’ एकदाच आहे. मराठीत ‘पंचमांश कदंबाला गेला, तृतीयांश शिलींध्राला, त्या दोहोंतला फरक तिप्पट होऊन कुड्याला’ हे व्यवस्थित चालतं. तीनदा ‘गेला’ लिहिण्याची गरजच पडत नाही, आणि एकच क्रियापद असल्यामुळे ‘थव्यातून’ तिघांनाही लागू राहतं. ९ तारखेला जी भीती होती, ती इथे कमी झाली.

२२ जून

शार्दूलविक्रीडितात मराठी करून द्यावं अशी एकाने इच्छा व्यक्त केली. हे वृत्त मराठीत नवीन नाही, पंडित कवींनी भरपूर वापरलं. पण १९ अक्षरांच्या चार ओळी भरताना ‘सुंदर’, ‘मधुर’, ‘पाहा’ असे भरीचे शब्द येतात, आणि इथे एकाही भरीच्या शब्दाला जागा नाही. गद्यच.

२८ जून

‘अपरः … भृङ्गः’. आज मला हा श्लोक किती बारकाईने बांधला आहे ते दिसलं, आणि दिवसभर तेच मनात होतं.

उरलेला भुंगा एक आहे, ही गणितातली एकमेव दिलेली संख्या. ‘लीलावती’तल्या मांडणीत ती ‘दृश्य १’ म्हणून येते. आता श्लोकात तो ‘एक’ कुठे आहे? शब्द शोधला तर सापडत नाही. चौथ्या चरणाकडे जाणाऱ्या लांब समासात ‘एककाल’ आहे, पण तो एक काळाचा, भुंग्याचा नाही. भुंग्याचा ‘एक’ फक्त प्रत्ययात आहे: ‘अपरः’, ‘दोलायमानः’, ‘आहूतः’, ‘भृङ्गः’, ‘भ्रमति’. पाच पदं, पाचही एकवचनी. संपूर्ण गणित वचनावर उभं आहे.

म्हणून ‘उरलेले भुंगे फिरत आहेत’ असं भाषांतर केलं तर श्लोक वाचायला छान लागतो आणि गणित मरतं. पंधरापैकी चौदा अंश गेले, एक पंधरांश राहिला, तो किती भुंग्यांचा ते माहीत नाही. १५, ३०, ४५, कुठलंही उत्तर चालेल.

उलट बाजूने ‘फक्त एकच भुंगा’ असं लिहायचा मोह होतो. १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजी करताना उरलेल्या भुंग्याला संख्यावाचक शब्द देऊन टाकला आहे. त्याच्या भाषेला कदाचित तसं करावंच लागलं असेल. मराठीला लागत नाही. ‘उरलेला भुंगा फिरतो आहे’ यात ‘उरलेला’, ‘भुंगा’, ‘फिरतो’ तिन्ही एकवचनी आहेत आणि मराठीचा ‘-ला’ ते स्वच्छ सांगतो. ‘एकच’ लिहिलं की मुलाला दृश्य हातात मिळतं, जे त्याने वचन वाचून मिळवायचं होतं.

‘अपर’चा सरळ अर्थ ‘दुसरा’ किंवा ‘वेगळा’. ‘दुसरा भुंगा’ म्हटलं तर पहिला कोण असा प्रश्न येतो, ‘आणखी एक भुंगा’ म्हटलं तर थव्याबाहेरचाही वाटू शकतो. वाटणीच्या यादीनंतर आलेला ‘अपर’ म्हणजे त्या यादीत न आलेला, म्हणून ‘उरलेला’. आमच्या पूर्ण भाषांतरात मुळापासून सगळ्यात लांब गेलेला शब्द हाच आहे, आणि तो तसा आहे हे वहीत लिहिलं आहे.

३० जून

‘मृगाक्षि’ आणि ‘कान्ते’. दोन संबोधनं. कोणीतरी म्हणालं, लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तेव्हा ‘कान्ते’ ऐवजी ‘बाळे’ म्हणावं, मुलांसमोर बरं दिसेल. मुलीची ती गोष्ट १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी भाषांतरासोबत प्रसिद्ध झाली. श्लोकातला शब्द त्या गोष्टीला जुळवायला बदलणं म्हणजे चार शतकांनंतरची टीका मुळात घुसवणं. ‘कान्ते’चं ‘कांते’ राहील. आणि दोन्ही संबोधनं आपल्या जागी, ‘मृगाक्षी’ कुड्याच्या आधी, ‘कांते’ केतकीच्या आधी. दोन्ही ओढून सुरुवातीला आणली तर ती नुसती हाक होते. आहे त्या जागी ती श्वास घ्यायला जागा देतात.

६ जुलै

आता समास: केतक-मालती-परिमल-प्राप्त-एककाल-प्रिया-दूत-आहूतः. सगळा मिळून प्रथमा एकवचन, भुंग्याचं विशेषण. आतल्या विभक्ती गेलेल्या, त्या आपण बाहेर काढायच्या.

मागून उलगडत आलो. ‘आहूत’ म्हणजे बोलावलेला. बोलावणारे दूत, म्हणून त्यांना तृतीया. दूत प्रियेचे, म्हणून षष्ठी. ते एकाच वेळी पोचलेले. आणि ते दूत म्हणजेच केतकी आणि मालती यांचे परिमळ.

‘म्हणजेच’ इथे अडचण. परिमळ ‘जणू’ दूत, ‘दूतांसारखे’, ‘दूतांच्या रूपाने’, अशी तीन वळणं सुचली आणि तिन्ही काढून टाकली. श्लोकात ‘इव’ नाही. परिमळ आणि दूत शेजारी शेजारी ठेवले आहेत, सारखेपणा वाचणाऱ्याने पाहायचा. मराठीत तसंच शेजारी ठेवता येतं: ‘केतकी-मालतीचे परिमळ, एकाच वेळी येऊन पोचलेले प्रियादूत, यांनी बोलावलेला’. ‘यांनी’मधल्या ‘-नी’ने तृतीया सांभाळली आणि ती परिमळ व दूत दोघांनाही एकदम लागली.

‘सुगंधाने मोहित झालेला’ हे सगळीकडे आढळतं. त्यात दूतही गेले आणि बोलावणंही गेलं. ‘दूत त्याला बोलावतात’ हेही नको, कारण मग भुंगा कर्त्याऐवजी कर्म होतो आणि ‘भ्रमति’चा कर्ता वेगळा शोधावा लागतो.

वचनाचा पेच इथेही आहे, पण उलटा. समासात दूत किती ते दिसत नाही, आणि मराठीला ‘दूताने’ की ‘दूतांनी’ हे ठरवावंच लागतं. एकाच वेळी पोचायला निदान दोघे हवेत, परिमळही दोन फुलांचे, म्हणून अनेकवचन. प्रिया मात्र एक की दोन हे ठरवायला काहीच आधार नाही. ‘प्रियेचे दूत’ म्हटलं की एक ठरते, ‘प्रियांचे’ म्हटलं की अनेक. म्हणून ‘प्रियादूत’ हा समास मराठीतही न सोडवता ठेवला. मराठी वाचकाला तो कळतो, आणि जे मुळाने सांगितलं नाही ते आम्हीही सांगितलं नाही.

१२ जुलै

सगळं जोडलं:

*भुंग्यांच्या थव्यातून पंचमांश कदंबाला गेला, तृतीयांश शिलींध्राला, त्या दोहोंतला फरक तिप्पट होऊन, मृगाक्षी, कुड्याला. हेलकावणारा उरलेला, कांते, केतकी-मालतीचे परिमळ, एकाच वेळी येऊन पोचलेले प्रियादूत, यांनी बोलावलेला भुंगा आकाशात इकडे-तिकडे फिरतो आहे. भुंग्यांची संख्या सांग.*

‘हेलकावणारा’ हे ‘दोलायमानः’चं. ‘हेलकावत’ असं अव्ययासारखं केलं असतं तर वाक्य मऊ झालं असतं, पण मग एकवचनाचा एक खांब कमी झाला असता.

१५ जुलै

शेजारच्या नववीतल्या मुलीला फक्त मराठी दिलं, संस्कृत नाही, सूचना नाही. तिने क्ष धरला, पंचमांश आणि तृतीयांश लिहिले, फरक दोन पंधरांश, तिप्पट दोन पंचमांश. मग थांबून विचारलं, “ताई, उरलेला एकच आहे ना? ‘भुंगा’ लिहिलंय म्हणून.” मी उत्तर दिलं नाही. तिने एक धरला आणि १५ काढले: ३ कदंबाला, ५ शिलींध्राला, ६ कुड्याला, १ आकाशात.

तिच्या भावाला तेच दिलं. तो आठवीत आहे. त्याने क्ष न घेता अंदाजाने ३० धरले. ६, १० आणि १२ गेले, २ राहिले. राहायला हवा होता १, म्हणून थवा निम्मा. ‘लीलावती’त हीच पद्धत इष्टकर्म म्हणून शिकवली आहे, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दोघेही ‘हेलकावणारा उरलेला, कांते’ इथे अडखळले. विशेषणं आधी आणि भुंगा खूप उशिरा. संस्कृतात हे अंतर चालतं, कारण प्रत्येक पदावर विभक्ती शिक्का मारून बसलेली असते. मराठीत कानाला नामाची वाट पाहावी लागते. ‘उरलेला भुंगा, कांते, …’ असं भुंग्याला पुढे आणता येईल, विभक्ती आणि वचन काही बिघडत नाही. नाना म्हणतात आणू नये, मुळातही भुंगा शेवटीच उतरतो. मी आणावा या मताची आहे, कारण शब्दक्रम हे विभक्तीचं काम नाही आणि मुलांनी अडखळावं असं श्लोकात काही नाही. पत्रकात माझं जाईल, वहीत दोन्ही राहतील:

*… मृगाक्षी, कुड्याला. हेलकावणारा उरलेला भुंगा, कांते, केतकी-मालतीचे परिमळ, एकाच वेळी येऊन पोचलेले प्रियादूत, यांनी बोलावलेला, आकाशात इकडे-तिकडे फिरतो आहे. भुंग्यांची संख्या सांग.*

‘प्राप्त’ साठी ‘येऊन पोचलेले’ अजून सैल वाटतं. ‘येऊन’ काढलं तर ‘पोचलेले’ एवढंच उरतं, तेही पुरेसं आहे. छापायला देण्याआधी ते काढायचं.